उत्तर समाधानकारक नाही

"आत्या, इथे असं कुणी बोलत नाही!"

"मग कसं बोलतात? खाणाखुणा करतात?"

"चेष्टा नको. 'नॉन-स्पीकिंग ऑर्डर' म्हणे! त्या अपील ऑफिसमधल्या बाई मला विचारत होत्या, ऑर्डर बोलत नाही म्हणजे काय? ऑर्डर कधी बोलते का?"

"बोलायला पाहिजे. बोलत नाही म्हणून तर आपण भांडतोय."

"आणि ते पुढचं? 'टोटल नॉन-ॲप्लिकेशन ऑफ माइंड'? आत्या, मी डीन बाईंना लेखी कळवलंय की तुम्ही डोकं वापरलं नाही. खाली माझी सही!"

सिंधूताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यात शर्वरीचा चेहरा रडून रडून सुजलेला दिसत होता. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमध्ये संध्याकाळचे साडेसहा, कॅनडात सकाळचे नऊ. पोरीने तोंडही धुतलेलं नसावं.

"जबलपूर हायकोर्टात हे वाक्य रोज लिहितात," सिंधूताई म्हणाल्या. "कुणाला राग येत नाही."

"इथे आला ना! बघा काय लिहिलंय. पत्रात डीनविषयी अनादर आहे, आणि अपिलाचं एकही कारण आमच्या नियमांनुसार मांडलेलं नाही. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत नव्याने द्या. नाहीतर अपील बंद."

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय," कोपऱ्यातल्या खुर्चीतून विनायकराव म्हणाले. ते सिंधूताईंचे धाकटे भाऊ, शर्वरीचे वडील. आठवडाभर रोज संध्याकाळी येऊन त्याच खुर्चीत बसत होते. "माफीचं पत्र लिही. दोन ओळी. चूक झाली, पुन्हा होणार नाही. संपलं."

"बाबा, मी चूक केलीच नाही!"

"कुणी विचारतंय का, केली की नाही?"

"तेच तर," सिंधूताई म्हणाल्या. "कुणी विचारत नाहीये."

गोष्ट अशी होती. शर्वरी तिकडे सार्वजनिक धोरणाची मास्टर्स करत होती. चौघांच्या गटाने एका वस्तीत जाऊन पाहणी केली आणि अहवाल मात्र प्रत्येकाने वेगळा लिहिला. शर्वरीचे चार परिच्छेद दुसऱ्या एका मुलीच्या परिच्छेदांशी शब्दशः जुळले, ती मुलगी गटातलीच. आरोप आला. शर्वरीने उत्तर दिलं की ते परिच्छेद फक्त पाहणी कशी केली याचं वर्णन आहेत, आणि ते वर्णन गटाने मिळून लिहिलं तर चालेल असं प्राध्यापकांनीच चौदा तारखेच्या ई-मेलमध्ये कळवलं होतं. ई-मेल जोडला. दहा दिवसांनी डीनचा निर्णय आला, साडेतीन ओळींचा. एका सत्राचं निलंबन. वर्गाबाहेर राहिली की तिकडे राहण्याचा विद्यार्थी परवानाच धोक्यात. परवाना गेला की परत भोपाळ.

त्या साडेतीन ओळींतली एक ओळ सिंधूताईंनी आठवड्यापूर्वी पहिल्यांदा ऐकली तेव्हा हातातली चहाची गाळणी तशीच हातात राहिली होती. ओळ इंग्रजीत होती. अर्थ असा, की आपलं उत्तर विचारात घेण्यात आलं. ते समाधानकारक आढळलं नाही.

ही ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने किती वेळा टाइप केली होती याचा हिशेब कोण ठेवणार?

*

सिंधू पिंपळापुरे यांचे वडील छप्पन साली नागपूरहून भोपाळला आले. मध्य प्रदेशची राजधानी इकडे हलली, त्यांचं खातं हललं, खात्याबरोबर बाबू हलले, बाबूंबरोबर त्यांची पोळपाट-लाटणी. सिंधूताईंचा जन्म इथलाच. बाविसाव्या वर्षी त्या एका सरकारी खात्यात सहायक ग्रेड तीन म्हणून लागल्या. हिंदी टायपिंग असं की साहेब लोक शेजारच्या शाखेतून उसनं मागून न्यायचे. आस्थापना शाखा, म्हणजे नेमणुका, बदल्या आणि शिक्षा. शिक्षेचा मसुदा ठरलेला होता. वर नाव, पद, आरोप. खाली दंड. मधोमध एक वाक्य: उत्तर समाधानकारक नहीं पाया गया.

"वाक्य इतकं तोंडात बसलं होतं," त्या कधीतरी सांगत, "की घरी भाजीवाल्याने जास्त भाव सांगितला तरी मनात तेच यायचं."

मग दत्तूची फाइल आली. दत्तू त्यांच्याच कार्यालयात भृत्य होता, साहेबांच्या दारापाशी स्टुलावर बसणारा. एकवीस दिवस न सांगता गैरहजर म्हणून त्याला नोकरीतून काढलं होतं. तो आदेश सिंधूताईंनीच टाइप केलेला. दत्तू जबलपूरला गेला. हायकोर्टाने आदेश रद्द केला आणि लिहिलं, याचं म्हणणं ऐका आणि स्पीकिंग ऑर्डर काढा. म्हणजे असा आदेश, जो वाचला की कळतं शिक्षा का दिली. जो समजावून सांगायला दुसरा कुणी लागत नाही.

फाइल सिंधूताईंच्या टेबलावर परत आली. पहिल्यांदा त्यांनी दत्तूचं उत्तर नीट वाचलं. आई हमीदिया रुग्णालयात भरती होती. दाखल्याचा कागद जोडलेला होता, टाचणी गंजून त्याचा डाग कागदावर उमटला होता. म्हणजे तो कागद कुणी उलटूनसुद्धा बघितला नव्हता.

"कारण लिख दीजिए, सिंधूजी," साहेब म्हणाले.

"कौनसा, साहब?"

"आप तो पुरानी हैं. कुछ बना दीजिए."

त्यांनी काही बनवलं नाही. टिपणी लिहिली की उत्तरावर विचार झाल्याचं या फाइलवर कुठेही दिसत नाही. दोन महिन्यांत त्यांची बदली अभिलेखागारात झाली. तिथे खिडकी नव्हती. दुसऱ्या कुणीतरी तीन पानं कारणं लिहिली आणि दत्तूला परत तीच शिक्षा दिली.

पण त्या तीन पानांत एक वाक्य होतं: रुग्णालयाचा दाखला सादर केलेला नाही. आणि दाखला तर फाइलमध्ये होता! वकिलाने तेवढंच वाक्य धरलं. परत जबलपूर, परत तारखा. स्वतःच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना दत्तू परत कामावर आला. पहिल्या दिवशी त्याने अभिलेखागाराच्या दारात उभं राहून सांगितलं, "बाई, स्टूल बदलून टाकलं त्यांनी," आणि वर निघून गेला.

निवृत्तीनंतर सिंधूताई बचाव सहायक झाल्या. विभागीय चौकशीत कर्मचाऱ्याच्या शेजारी बसून त्याची बाजू मांडायला असा माणूस चालतो, निवृत्त कर्मचारीसुद्धा. वकिली नव्हे. पण दोन हजार सतरापासून आजवर कोटऱ्यातल्या त्यांच्या पायरीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन कुणी ना कुणी बसलेलं असे. आत्ताही गोपीनाथ बसला होता, एका कार्यालयातला प्रयोगशाळा सहायक, वेतनवाढ रोखलेला. आतलं भांडण ऐकू येऊ नये म्हणून तो बिचारा रस्त्यावरच्या कुत्र्याकडे टक लावून बघत होता.

*

"नैसर्गिक न्याय हाही शब्द नाही का त्यांच्याकडे?" सिंधूताईंनी विचारलं.

"आहे, पण जुना वाटतो म्हणे. यश सांगत होता."

"यश कोण आता?" विनायकराव ताठ बसले.

"बाबा, प्लीज. लॉ करतो इथे. इंदूरचा आहे. विद्यार्थ्यांच्या मोफत सल्ला केंद्रात बसतो. तो म्हणाला, पूर्वी इथेही नॅचरल जस्टिसच म्हणायचे, पण ते फक्त कोर्टासारखं काम करणाऱ्या मंडळांना लागू धरायचे. मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी इथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं, साध्या ऑफिसच्या निर्णयातसुद्धा माणसाशी नीट वागलं पाहिजे. तेव्हापासून सगळे फेअरनेस म्हणायला लागले. प्रोसिजरल फेअरनेस."

"फेअरनेस," विनायकराव म्हणाले. "क्रीम असते ती."



"बरं," सिंधूताई म्हणाल्या. आवाजात थकवा होता. दिवसभरात दोन चौकशा झाल्या होत्या आणि दोन्ही ठिकाणी जिने. "तुझ्या विद्यापीठाचे नियम उघड. त्या फेअरनेसमध्ये काय काय येतं ते वाच. पाठ करून सांगू नकोस, वाच."

शर्वरीने वाचलं. "विद्यार्थ्याला आपल्यावरचा आरोप आणि पुरावा कळला पाहिजे."

सिंधूताईंनी करंगळी मिटली. "आरोपपत्र."

"त्याला उत्तर द्यायची संधी मिळाली पाहिजे."

"सुनावणी."

"निर्णय घेणारा निःपक्षपाती पाहिजे. आत्या, इथे मला काही लिहायचंय. त्या डीन आणि ते प्राध्यापक एकत्र कॉफी पितात. यश म्हणतो इथे त्याला रीझनेबल ॲप्रिहेन्शन ऑफ बायस म्हणतात, आपल्याकडे–"

"रीअल लाइकलीहुड. कसोटी तीच: बाहेरच्या शहाण्या माणसाला काय वाटेल. आणि शहाण्या माणसाला कॉफीवरून काही वाटत नाही. सोड. पुढे?"

"पुढे... निर्णय लेखी असावा आणि त्यात कारणं असावीत. विद्यार्थ्याने मांडलेल्या मुख्य मुद्द्यांची दखल घेणारी."

चौथं बोट मिटलं. सिंधूताई आपल्या मुठीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "परत वाच."

शर्वरीने परत वाचलं.

"अगं, हीच की ती. स्पीकिंग ऑर्डर."

"पण नाव–"

"नाव 'रीझन्स' आहे. साधं. आपण घोडा म्हणतो, ते अश्व म्हणतात, आणि मी आठवडाभर तुला घोडा घोडा म्हणून ओरडायला लावलं." त्यांनी मूठ उघडली. "चूक माझी. मी त्यांचे नियम न वाचता लिहून दिलं. जबलपूरचा सांगाडा कॅनडात पाठवला. तीस वर्षं साहेबांना हेच सांगत आले की ठरलेलं वाक्य उचलून चिकटवू नका, समोरचा कागद वाचा."

विनायकरावांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"यशला विचार, कारणं दिलीच पाहिजेत असं त्यांच्या कोर्टाने कधी म्हटलं."

"विचारलंय. नव्याण्णव साली. सरसकट नाही, पण निर्णय माणसाच्या आयुष्याला मोठा असेल तर. आणि दोन हजार एकोणीसच्या एका निकालात म्हटलंय की मुख्य मुद्द्याला हातच घातला नसेल, तर निर्णय घेणाऱ्याने ऐकलं होतं का, अशीच शंका येते."

"ऐकलं होतं का," सिंधूताई पुटपुटल्या. "म्हणजे नॉन-ॲप्लिकेशन ऑफ माइंड. फक्त सभ्यपणे. शब्द तसाच ठेव. डोक्याचं नाव काढू नकोस, कानाचं काढ."

"निकालांची नावं घालू?"

"नको. तुझं प्रकरण विद्यापीठाच्या कमिटीसमोर आहे, कोर्टात नाही. त्यांचा नियम क्रमांक घाल. त्यांना त्यांचाच कागद दाखवला की पुरे. लिही."

आणि मग पायरीवरच्या गोपीनाथला, खुर्चीतल्या विनायकरावांना आणि नऊ तास तीस मिनिटं मागे बसलेल्या शर्वरीला ऐकू येईल अशा आवाजात, पण न ओरडता, त्यांनी सांगितलं. विशेषणं काढ. 'घोर', 'संपूर्ण', 'मनमानी', सगळी. पहिल्या परिच्छेदात: मी अमुक तारखेला उत्तर दिलं. त्यातला मुख्य मुद्दा प्राध्यापकांचा चौदा तारखेचा ई-मेल हा होता. दुसऱ्यात: निर्णयात या ई-मेलचा उल्लेख नाही. तो का स्वीकारला नाही हे मला कळू शकत नाही, त्यामुळे मी त्याला उत्तरही देऊ शकत नाही. तिसऱ्यात: नियम अमुक, प्रोसिजरल फेअरनेस, कारणं देण्याचं कर्तव्य. चौथ्यात मागणी: निर्णय रद्द करून माझं उत्तर विचारात घेऊन कारणांसह नवा निर्णय द्यावा, आणि तोपर्यंत निलंबन थांबवावं.

"एवढंच?"

"एवढंच. आणि आधीच्या पत्रातल्या भाषेबद्दल एक ओळ दिलगिरी."

"बघ!" विनायकराव उठून उभे राहिले. "शेवटी माफीच!"

"भाषेची, विनू. चोरीची नाही." सिंधूताईंनी वरही पाहिलं नाही. "गोपीनाथ, या आत. किती वेळ बसाल?"

गोपीनाथने दारातच चपला काढल्या. "दीदी, वो कनाडावाली चिट्ठी... म्हणजे तिकडेही तेच लिहितात? समाधानकारक नाही?"

"तिकडेही."

"मला वाटलं," गोपीनाथ पिशवीतून आदेश काढत म्हणाला, "परदेशात निदान वाक्य तरी वेगळं असेल."

*

शर्वरीने शुक्रवारी सकाळी अपील दिलं. त्यानंतर तीन आठवडे काही नाही. विनायकराव तरीही रोज येत. कधी विषय काढत, कधी नुसतेच पंख्याकडे बघत बसत. एकदा म्हणाले, "तिला पाठवलीच नसती तर," आणि वाक्य तिथेच ठेवून चहा प्यायले. सिंधूताईंचे गुडघे दुखत होते. त्या गोपीनाथचं निवेदन हाताने लिहीत होत्या, कारण टायपिंगने आता बोटं आखडत.

सव्विसाव्या दिवशी सकाळी साडेसातला फोन वाजला. विनायकराव पोहे-जिलेबीचा पुडा घेऊन नुकतेच आले होते. भोपाळात आनंद असो की काळजी, पुडा तोच. सिंधूताई साडीची निरी नीट करत होत्या. अकराला गोपीनाथच्या चौकशीची तारीख होती आणि त्याआधी शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायचं होतं. गोपीनाथ फाटकाबाहेर स्कूटर घेऊन उभाच होता.

"आत्या! आला! निर्णय आला!"

"वाच."

"अपील मान्य!" शर्वरी किंचाळली. विनायकरावांच्या हातातला पुडा टेबलावर आपटला. "थांबा, वाचते. मूळ निर्णयात विद्यार्थिनीच्या मुख्य मुद्द्याची दखल घेतल्याचं दिसत नाही... प्रोसिजरल फेअरनेसच्या अपेक्षेनुसार पुरेशी कारणं नाहीत... निर्णय रद्द... निलंबन तात्काळ मागे. आत्या, मी सोमवारी वर्गात बसू शकते!"

"देवा," विनायकराव म्हणाले. त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला. "देवा रे. सुटली पोरगी."

"पुढे वाच," सिंधूताई म्हणाल्या.

"पुढे काय?"

"आहे पुढे. शेवटचा परिच्छेद."

शर्वरीचा आवाज हळू झाला. "प्रकरण... डीनच्या कार्यालयाकडे परत पाठवण्यात येत आहे. त्यांनी विद्यार्थिनीचं उत्तर, ई-मेलसह, विचारात घेऊन नव्याने कारणांसह निर्णय द्यावा."



"म्हणजे?" विनायकराव म्हणाले.

"म्हणजे परत," शर्वरी म्हणाली. "त्याच ऑफिसकडे."

"पण मग रद्द केलं ते काय?"

"रद्द झालं, विनू. पोरगी सोमवारी वर्गात आहे. परवाना आहे." सिंधूताई चौकशीचे कागद पिशवीत भरत होत्या: आरोपपत्र, उत्तर, साक्षीदारांची यादी, निवेदनाच्या दोन प्रती. "कारणं दिली नाहीत म्हणून निर्णय पाडला, की वरचा माणूस सहसा स्वतः शिक्षा ठरवत नाही. खाली परत पाठवतो. इकडेही तसंच, तिकडेही तसंच. शर्वरी, त्या ई-मेलची मूळ प्रत जपून ठेव. गटातल्या तिघांकडून एकेक ओळ लिहून घे की वर्णन मिळून केलं होतं. त्यांनी विचारण्याआधी पाठव. साध्या भाषेत."

"हो."

"रडतेस का?"

"नाही. म्हणजे हो. आत्या, त्यांनी परत तेच लिहिलं तर? या वेळी तीन पानी?"

"तर ती तीन पानं मला वाचून दाखव. ओळ न ओळ."

फोन बंद झाला. विनायकरावांनी पुड्याचा दोरा सोडायला घेतला आणि मधेच थांबले. ते बहिणीकडे बघत होते. सत्तरीला टेकलेली, पायांत जुन्या सँडल, खांद्याला कापडी पिशवी, बाहेर स्कूटरवर कुणीतरी गोपीनाथ.

"सिंधू, एक खरं सांग." आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "इतकी वर्षं तू हेच करत आलीस? लोकांना भांडायला लावायचं, महिनेच्या महिने, आणि शेवटी मिळतं काय, तर त्याच माणसाकडून दुसरा कागद? शिक्षा का दिली, एवढं लिहिलेला? तो दत्तू, नऊ वर्षं. हा बाहेरचा. आता माझी पोरगी. एका कागदासाठी? सांग ना. काय उपयोग त्याचा?"

सिंधूताईंनी पिशवी उघडून बघितली. चष्म्याचं घर आत होतं. निवेदनाच्या दोन प्रती होत्या. गोपीनाथने स्कूटर चालू केली आणि लगेच बंद केली.

त्यांनी अर्धवट सुटलेला दोरा ओढून पुड्यातली एक जिलेबी उचलली, कागदाच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली, भिंतीचा आधार घेत दोन्ही पायऱ्या उतरल्या, आणि फाटक लोटून बाहेर पडल्या.